अठ्ठावीस वर्षांची ग्रॅच्युइटी: हिशेब कसा करावा आणि मालकाने ती कधी द्यावी

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसमध्ये मी बरीच वर्षे हजेरी आणि पगारपत्रकाचे काम केले. निवृत्तीनंतरही ओळखीचे कामगार आपले कागद घेऊन घरी येतात आणि त्यांतले बहुतेक कागद ग्रॅच्युइटीचे असतात. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीतले एक मोल्डर काका असे आले होते. १२ जून १९९७ रोजी ते एका कारखान्यात कामाला लागले आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी वयोमानानुसार निवृत्त झाले. सहा महिने वाट पाहिल्यावर ३१ जुलैला त्यांच्या खात्यात २,४९,६०० रुपये जमा झाले आणि सोबत हिशेबाचा एक कागद मिळाला. कागद नीट टाइप केलेला होता, बेरीज-गुणाकारही बरोबर होते, तरीही रक्कम ८६,४०० रुपयांनी कमी होती. ही तूट तीन ठिकाणी पडली होती आणि तिन्ही चुका सर्रास होतात, म्हणून त्यांचाच हिशेब इथे पायरीपायरीने मांडतो.

ग्रॅच्युइटीला सरकारी मराठीत उपदान म्हणतात. ते देण्याचा मूळ कायदा १९७२चा आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. आमचे काका त्याआधी निवृत्त झाले, त्यामुळे त्यांचा हिशेब जुन्या कायद्याप्रमाणे होतो. हिशेबाचे सूत्र नव्या संहितेतही तेच आहे. मुख्य फरक वेतनाच्या व्याख्येत पडला आहे आणि तो पुढे त्याच्या जागी सांगेन.

कायदा लागू होतो का

कारखान्यात, दुकानात, पतसंस्थेत किंवा शाळेत दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, किंवा मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी असतील, तर तिथे कायदा लागू होतो. एकदा लागू झाल्यावर पुढे माणसे कमी होऊन सात-आठ राहिली तरी तो सुटत नाही. उद्यमबागेतल्या आणि मच्छेच्या लहान मशीन शॉपमध्ये ‘आम्ही आता आठच आहोत’ हे उत्तर वारंवार ऐकू येते. ते उत्तर पुरेसे नाही. ‘पूर्वी कधी दहा होतात का’ एवढाच प्रश्न विचारायचा. खासगी शाळांतले शिक्षकही ३ एप्रिल १९९७पासून या कायद्याखाली येतात. ती दुरुस्ती २००९ साली पूर्वलक्षी प्रभावाने झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ती कायम ठेवली. आपल्या भागातल्या जुन्या मराठी शाळांतून निवृत्त झालेल्या अनेक शिक्षकांना हे अजून ठाऊक नसते.

कामगाराच्या बाजूने अट पाच वर्षांच्या सलग सेवेची आहे. मृत्यू झाला, किंवा आजाराने वा अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तर ही अटही नाही. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडते, हा समज मात्र सपशेल चुकीचा आहे. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यालाही ती मिळते.

पहिली पायरी: सेवेची वर्षे

लांब सेवेच्या माणसाचा खरा घोटाळा इथेच होतो. पगार शेवटचाच धरला जातो, म्हणून सुरुवातीचे एक वर्ष गळले तर ते १९९७च्या पगाराने गळत नाही, २०२५च्या पगाराने गळते. काकांना १९९७ साली महिन्याला दीड-दोन हजार रुपये मिळत असतील. त्या काळातले एक वर्ष वगळले तर आज बारा हजार रुपये जातात.

काकांच्या कागदावर सेवेची सुरुवात १ एप्रिल २०००ला दाखवली होती. ही तारीख त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याची होती. कारखान्याने त्यांचे पीएफ सुरू केले ते कायम केल्यावर, त्याआधी ते ‘टेम्पररी’ म्हणून काम करत होते. पण कायद्यात टेम्पररी आणि परमनंट असा भेद नाही, सलग सेवा मोजली जाते. ती कामाच्या पहिल्या दिवसापासून धरायची. पीएफची तारीख ही फक्त पीएफची तारीख असते.

आता सलग सेवा म्हणजे काय, तेही पाहू. आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, संप, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना काम बंद पडणे, या कारणांनी खंड पडला तरी सेवा सलगच धरतात. विनापरवाना गैरहजेरीमुळेही सेवा आपोआप तुटत नाही. त्या गैरहजेरीला सेवाखंड मानणारा आदेश स्थायी आदेशांनुसार काढलेला असेल, तरच ती तुटते. फाउंड्रीत मंदीच्या वर्षांत ले-ऑफ नेहमीचा असतो आणि त्या दिवसांच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शिक्का पडलेला मी स्वतः पाहिला आहे. असा शिक्का म्हणजे आदेश नव्हे. मालकाने सेवाखंडाचा आदेश दाखवावा, एवढेच म्हणायचे.

सलगपणा या मार्गाने सिद्ध होत नसेल तर दुसरा मार्ग आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम झाले असेल तर ते वर्ष सलग धरतात. जिथे आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम चालते तिथे, तसेच जमिनीखालच्या खाणीत, हाच आकडा १९० दिवसांचा आहे. अकरा महिन्यांनी चार-आठ दिवस घरी बसवून पुन्हा घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिला ‘ब्रेक’ म्हणतात. २४० दिवस भरत असतील तर त्या ब्रेकने सेवा तुटत नाही, मग कामगाराने दरवेळी राजीनाम्याच्या छापील कागदावर सही केलेली का असेना.

काही कामगारांची सुरुवातीची वर्षे ठेकेदाराच्या नावावर असतात आणि तो प्रश्न जरा अवघड असतो. हजेरी कारखान्याने घेतली, काम कारखान्याच्या सुपरवायझरने सांगितले, रजाही त्यानेच मंजूर केली, तर ठेकेदार केवळ कागदावर होता असा दावा करता येतो. पण तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि ठेकेदार खरोखरच स्वतंत्र धंदा करणारा असेल तर तो टिकत नाही. म्हणून ही वर्षे आणि वादात नसलेली वर्षे अर्जात वेगवेगळी दाखवावीत. एका वादामुळे सगळाच हिशेब अडकून पडू नये.

काकांकडे नेमणूकपत्र नव्हते. १९९७ साली उद्यमबागेत कोण नेमणूकपत्र देत होते? पण त्यांच्या पत्नीने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत इएसआयचे ओळखपत्र जपून ठेवले होते. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर सेलोटेप लावलेला, पण कारखान्याचा कोड आणि विमा नोंदणीची तारीख स्पष्ट वाचता येत होती आणि तारीख जून १९९७ची होती. इएसआयच्या नोंदणीचा फॉर्म मालकानेच भरून पाठवलेला असतो, त्यामुळे त्यावरची तारीख नाकारणे मालकाला जड जाते. हे कार्ड नसेल तर जुनी हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, बोनसची पावती, वेतनवाढीचे पत्र, अगदी सेफ्टी बूट मिळाल्याच्या सहीचा कागदही उपयोगी पडतो.

आता मोजणी करू. १२ जून १९९७ ते ३१ जानेवारी २०२५ म्हणजे २७ वर्षे, ७ महिने आणि काही दिवस. नियम असा की पूर्ण वर्षांवरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते एक पूर्ण वर्ष धरायचे, सहा किंवा कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणून काकांची वर्षे २८. कारखान्याने २००० सालापासून मोजून २४ वर्षे १० महिने काढले आणि वरचे दहा महिनेही सोडून दिले, म्हणजे २४ वर्षे.

दुसरी पायरी: शेवटचे वेतन

काकांच्या शेवटच्या पगारचिठ्ठीवर मूळ वेतन १३,८०० रुपये आणि महागाई भत्ता ७,००० रुपये होता. शिवाय घरभाडे भत्ता आणि प्रवासभत्ता होता. १९७२च्या कायद्याप्रमाणे वेतन म्हणजे मूळ आणि महागाई भत्ता. बोनस, कमिशन, घरभाडे, ओव्हरटाइम आणि इतर भत्ते त्यात धरत नाहीत. म्हणून काकांचे वेतन २०,८०० रुपये. इथे कारखान्याची चूक नव्हती.

पगाराचा दर पाहायचा, त्या महिन्यात हातात पडलेली रक्कम नाही. शेवटच्या महिन्यात दहा दिवस बिनपगारी झाले म्हणून वेतन कमी होत नाही. कर्नाटकात किमान वेतनाचा बदलता महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलला वाढतो, तेव्हा एप्रिलनंतर निवृत्त होणाऱ्याने वाढलेला भत्ता धरला आहे की मार्चचाच, हे एकदा तपासून पाहावे. पीस रेटवर काम करणाऱ्या मोल्डरचा किंवा विडी कामगाराचा हिशेब वेगळा असतो. नोकरी संपण्याआधीच्या तीन महिन्यांच्या एकूण कमाईची सरासरी काढायची आणि त्यातून ओव्हरटाइम वगळायचा.

२१ नोव्हेंबर २०२५नंतर नोकरी संपणाऱ्यांसाठी वेतनाची व्याख्या बदलली आहे आणि ती बहुतेकांच्या फायद्याची आहे. पूर्वी ‘इतर कोणताही भत्ता’ बाहेर जात असे. आता काय बाहेर जाते याची यादी दिली आहे. घरभाडे, प्रवासभत्ता, मालकाची पीएफ वर्गणी, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस वगैरे बाबी त्या यादीत आहेत. यादीत नसलेला ‘स्पेशल अलाउन्स’ आता वेतनात मोजावा लागतो. शिवाय वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर निम्म्यावरची रक्कम पुन्हा वेतनात मिळवायची.

समजा एका सुपरवायझरचे मूळ आणि महागाई मिळून १५,००० रुपये आहेत, घरभाडे १३,२००, प्रवासभत्ता ६,००० आणि मालकाची पीएफ वर्गणी १,८००. एकूण झाले ३६,०००, निम्मे झाले १८,०००. वगळलेल्या तीन बाबींची बेरीज २१,००० येते, म्हणजे निम्म्याहून ३,००० जास्त. ते ३,००० वेतनात येतात आणि ग्रॅच्युइटीसाठीचे वेतन १५,०००ऐवजी १८,००० होते. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेला याने सुमारे ४८,४६० रुपयांचा फरक पडतो. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवण्याची जी रीत होती, तिला यामुळे बराच आळा बसला आहे.

तिसरी पायरी: सव्वीसने भागायचे, तीसने नाही

सूत्र सोपे आहे. शेवटच्या मासिक वेतनाला २६ने भागले की एका दिवसाचे वेतन मिळते, त्याला १५ने गुणले की एका वर्षाची ग्रॅच्युइटी आणि तिला वर्षांनी गुणले की एकूण रक्कम.

२०,८०० ÷ २६ = ८००
८०० × १५ = १२,०००
१२,००० × २८ = ३,३६,०००

२६ का? महिन्याच्या तीस दिवसांतून चार साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की कामाचे दिवस उरतात ते सव्वीस, आणि मासिक पगार या सव्वीस दिवसांच्या कामाचा असतो. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तिथे १९८०च्या दशकातच मिटला आणि १९८७च्या दुरुस्तीने हा भागाकार कायद्याच्या मजकुरातच लिहिला गेला. तरीही काकांच्या कागदावर ३०ने भागले होते. ‘पंधरा दिवस म्हणजे अर्धा पगार’ असे ऐकायला बरोबर वाटते, आणि कारखान्याच्या अकाउंट्समधल्या तरुण मुलाने तसेच धरले होते. त्याने मुद्दाम केले असे मला वाटत नाही. पण या एका आकड्याने दर वर्षाचे १२,०००चे १०,४०० झाले.

कारखान्याचा हिशेब असा झाला होता: १०,४०० × २४ = २,४९,६००. खरा हिशेब ३,३६,०००. नुसत्या तीसच्या चुकीने ४४,८०० रुपये कमी झाले असते, पीएफच्या तारखेने ३६,०००, आणि वरचे महिने सोडल्याने १२,०००. तिन्ही चुका एकत्र आल्यावर त्यांची सरळ बेरीज होत नाही, कारण कमी वर्षे कमी दराने गुणली जातात, म्हणून प्रत्यक्ष तूट ८६,४००ची निघाली. आपला हिशेब तपासताना मालकाच्या आकड्याला आधी आपल्या अर्ध्या पगाराने, काकांच्या बाबतीत १०,४००ने, भागून पाहावे. भागाकार पूर्ण संख्येत आला तर कुठे आणि किती वर्षे कापली ते लगेच कळते.

कमाल मर्यादा २० लाख रुपयांची आहे आणि ती २९ मार्च २०१८पासून लागू आहे. करार किंवा कारखान्याचा स्वतःचा नियम जास्त देणारा असेल तर जास्तच मिळते, कमी देणारा असेल तर कायदा वरचढ ठरतो.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांबद्दल दोन शब्द सांगणे जरूर आहे, कारण चिकोडी, निपाणी, रायबाग या भागांतून हाच प्रश्न येतो. हंगामापुरतेच काम करणाऱ्याला दर हंगामाला पंधरा नव्हे तर सात दिवसांचे वेतन मिळते. हंगाम जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस काम केले की तो हंगाम भरला. पण कारखाना हंगामी असला तरी तिथे वर्षभर काम करणारा देखभालीचा फिटर किंवा बॉयलरचा माणूस हंगामी ठरत नाही. त्याला पंधरा दिवसांचा दर लागू होतो.

पैसे कधी द्यायचे

नोकरी संपली त्या दिवशी ग्रॅच्युइटी देय होते आणि मालकाने ती तिथून तीस दिवसांत दिली पाहिजे. काकांसाठी ही मुदत २ मार्च २०२५ला संपली. अर्ज आला नाही म्हणून थांबायला मालकाला मोकळीक नाही. कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की अर्ज आला असो वा नसो, रक्कम देय होताच मालकाने ती ठरवावी आणि कामगाराला व कामगार खात्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावी. तरीही अर्ज द्यावाच, कारण तोच पुढे पुरावा होतो. जुन्या नियमांत तो फॉर्म आय आहे. निवृत्तीची तारीख आधीच माहीत असेल तर महिनाभर आधी देता येतो, आणि उशीर झाला तरी तेवढ्यावरून हक्क बुडत नाही. अर्ज मिळाल्यावर पंधरा दिवसांत मालकाने रक्कम मान्य असल्याचा फॉर्म एल किंवा कारणासह नाकारल्याचा फॉर्म एम द्यायचा असतो. टपालाची पोच किंवा दुसऱ्या प्रतीवर कारखान्याचा आवक शिक्का घ्यायला विसरू नये.

वाद असला तरी मालकाला जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी त्याने अडवून ठेवायची नसते, ती जमा करायची असते. ‘एलआयसीकडून पैसे आले नाहीत’ हे आणखी एक नेहमीचे उत्तर. कर्नाटकाने २०२४च्या नियमांनी ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा केला आहे, हे खरे. पण विमा ही मालकाने स्वतःसाठी केलेली तजवीज आहे. देण्याची जबाबदारी मालकाचीच राहते आणि विमा कंपनीचा उशीर हा मालकाचाच उशीर ठरतो.

तीस दिवस उलटले तर सरळ व्याज द्यावे लागते. १९८७च्या अधिसूचनेप्रमाणे त्याचा दर १० टक्के होता. व्याज एकतिसाव्या दिवसापासून चालू होत नाही, ग्रॅच्युइटी देय झाली त्या दिवसापासून प्रत्यक्ष पैसे मिळेपर्यंत मोजतात. उशीर कामगाराच्या चुकीमुळे झाला आणि मालकाने त्यासाठी अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतली असेल, तरच व्याज टळते. काकांच्या बाबतीत तशी परवानगी कोणी मागितली नव्हती.

पूर्ण ग्रॅच्युइटी रोखण्याची किंवा कापण्याची कारणेही मोजकीच आहेत. कामगाराच्या कृत्याने मालमत्तेचे नुकसान झाल्याबद्दल त्याला काढले असेल तर त्या नुकसानीइतकीच रक्कम कापता येते. दंगा, हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा नोकरीच्या ओघात केल्याबद्दल काढले असेल तर पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते. निवृत्त होणाऱ्या माणसाला यांपैकी काहीच लागू पडत नाही. पतसंस्थेच्या कर्जासाठी न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही, मग कारखान्याने आपण होऊन ती कापून संस्थेत भरण्याचा प्रश्नच कुठे येतो?

तक्रार कोणाकडे करायची

सीमाभागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त गोंधळाचा आहे. उद्यमबागेत काम करणारे कितीतरी जण चंदगड तालुक्यातून बसने येतात आणि निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात अर्ज देऊन मोकळे होतात. तो अर्ज तिथे चालत नाही. कामगार कुठे राहतो याला महत्त्व नाही, त्याने काम केलेली आस्थापना कुठे आहे याला महत्त्व आहे. बेळगावच्या कारखान्याचा दावा कर्नाटक कामगार खात्याच्या बेळगाव येथील सहायक कामगार आयुक्तांकडे जातो. ग्रॅच्युइटीपुरते ते नियंत्रक प्राधिकारी असत. नव्या संहितेत या पदाला सक्षम प्राधिकारी म्हटले आहे.

पण आस्थापनेच्या शाखा एकाहून जास्त राज्यांत असतील तर समुचित सरकार, म्हणजे ज्याच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची ते सरकार, केंद्राचे होते. निपाणीला मुख्य कचेरी आणि कागल किंवा गडहिंग्लजला शाखा असलेली संस्था असेल, तर अर्ज केंद्रीय कामगार खात्याच्या सहायक आयुक्तांकडे करायचा. चुकीच्या दारात अर्ज दिला की आठ-दहा महिन्यांनी अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो परत येतो. म्हणून अर्जाआधी पगारचिठ्ठीवरचा किंवा लेटरहेडवरचा नोंदणीचा पत्ता आणि शाखांची यादी पाहून घ्यावी.

अर्ज दोन प्रतींत द्यायचा असतो, जुन्या नियमांत तो फॉर्म एन. मुदत नव्वद दिवसांची आहे, पण सबळ कारण दाखवले तर अधिकारी उशीर माफ करू शकतात. वकील लागतोच असे नाही. सोबत जोडायचे कागद तीनच: सुरुवातीच्या तारखेचा पुरावा, शेवटची पगारचिठ्ठी आणि स्वतः केलेल्या हिशेबाचा एक पानी कागद. मला विचाराल तर हा हिशेबाचा कागदच सगळ्यात जास्त काम करतो. त्यात चार ओळी असाव्यात आणि प्रत्येक ओळीसमोर तिचा पुरावा कोणत्या पानावर आहे ते लिहावे. निकालाविरुद्ध अपील करायला साठ दिवस असतात, आणि मालकाला अपील करायचे असेल तर आधी ठरलेली रक्कम भरावी लागते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.

खात्याच्या नोटिसा कन्नडमध्ये येतात. तारीख आणि जागा सोडून बाकीचा मजकूर आपल्याला कळत नाही म्हणून नोटीस कपाटात ठेवून देणारे मी पाहिले आहेत आणि मग गैरहजेरीत अर्ज निकाली निघाला की त्यांची धावपळ होते. नोटीस आली त्याच दिवशी कन्नड वाचणाऱ्याकडून ती पूर्ण वाचून घ्यावी. कारखान्याच्या ‘फुल अँड फायनल’ पावतीलाही हेच लागू आहे. पैसे घ्यायला हरकत नाही, पण रक्कम मान्य नसेल तर सहीच्या वर ‘हिशेब मान्य नाही, उरलेली रक्कम मागण्याचा हक्क राखून’ असे आपल्या हाताने लिहावे. तसे न लिहिता सही झाली असली तरी कायद्याने ठरलेल्या रकमेपेक्षा कमीवर केलेली तडजोड मालकाला कामगारावर बंधनकारक करता येत नाही. लिहिलेले असले की वाद लवकर संपतो, एवढेच.

काकांनी सप्टेंबर २०२५मध्ये बेळगावच्या कार्यालयात अर्ज दिला. पहिल्या तारखेला कारखान्याचा माणूस पीएफचे रजिस्टर घेऊन आला. दुसऱ्या तारखेला इएसआयचे कार्ड आणि त्याची नक्कल समोर ठेवल्यावर सुरुवातीच्या तारखेबद्दलचा वाद त्यांनी सोडला, आणि सव्वीसच्या भागाकाराबद्दल तर बोलण्यासारखे काही नव्हतेच. आदेश निघायच्या आधीच कारखान्याने समझोता केला आणि ३१ जानेवारी २०२६ला पैसे दिले. उरलेल्या ८६,४००वर पूर्ण वर्षाचे व्याज ८,६४० झाले. आधी दिलेल्या २,४९,६००ला १८१ दिवस उशीर झाला होता, त्याचे व्याज १२,३७७ झाले. कारखान्याने हे दुसरे व्याज पहिल्या मसुद्यात घातलेच नव्हते. ‘ते पैसे तर केव्हाच दिले’ असे त्यांचे म्हणणे होते, तेव्हा काकांनी बँकेच्या पासबुकातली ३१ जुलैची ओळ पुढे केली. शेवटी धनादेश आला तो १,०७,४१७ रुपयांचा.